मोठ्या बाई आणि मधला कोन

मोठ्या बाईंनी फळ्यावर काढलेली आकृती पुसायला कुणाचा हात धजत नसे. पुढच्या तासाला मी विज्ञान शिकवायला जायची, तेव्हा मुलं म्हणायची, "बाई, एवढ्या कोपऱ्यातच लिहा ना." मीही मुकाट्याने कोपऱ्यात लिहायची. मोठ्या बाईंच्या हातात नुसता खडू, पट्टी नाही, तरी रेघ अशी सरळ की ताणलेला दोराच वाटावा. खाली तीन मथळे, तीन रंगांत: पक्ष, साध्य, सिद्धता. प्रत्येक ओळीच्या पुढे कंसात कारण. तेवीस वर्षं त्या आठवीला भूमिती शिकवत होत्या आणि पुढे दहावीला बोर्डाच्या परीक्षेत भूमितीत आमच्या शाळेचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

एकरूप त्रिकोणांचा धडा म्हणजे त्यांचा हुकमी पत्ता. पहिल्याच दिवशी फळ्यावर चार कसोट्या लिहायच्या. बाबाबा, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या. बाकोबा, म्हणजे दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन. कोबाको, दोन कोन आणि मधली बाजू. चौथी कर्णभुजा, म्हणजे कर्ण आणि एक बाजू, ती फक्त काटकोन त्रिकोणासाठी. मग वर्गाने त्या तालावर म्हणायच्या. शिपाईमामासुद्धा पाणी भरताना "बाकोबा, कोबाको" गुणगुणायचे. दुसऱ्या दिवसापासून सिद्धता सुरू. "कारण विचारू नका, कारण लिहा," असं त्या गमतीने म्हणायच्या आणि वर्ग हसायचा.

त्या वर्षी त्यांची धाकटी जाऊ बदली होऊन आमच्या शाळेत आली. तीही गणिताचीच. घर एकच, वरच्या मजल्यावर थोरले, खालच्या मजल्यावर धाकटे. आता शाळाही एकच झाली. मुलांनी एका दिवसात बारसं उरकलं: एक मोठ्या बाई, एक धाकट्या बाई. आठवी अ मोठ्या बाईंकडे, आठवी ब धाकटीकडे. शिक्षकाचं मूल स्वतःच्या वर्गात नको, असा शाळेचा नियम, त्यामुळे मोठ्या बाईंची लेक बसली ब मध्ये, म्हणजे काकूच्या हाताखाली.

"बरंच झालं," मोठ्या बाई मला म्हणाल्या. "पोरीला शाळेत तरी माझा धाक नको." त्या वेळी त्या खरंच मनापासून बोलल्या होत्या.

पण दोन वर्गांच्या मधली भिंत पातळ होती.

त्रिकोणांचा धडा दोन्हीकडे एकाच आठवड्यात सुरू झाला. अ मध्ये तालावर कसोट्या चालू होत्या आणि पलीकडून खुर्च्या सरकवल्याचे, कात्र्यांचे आणि हसण्याचे आवाज यायला लागले. मोठ्या बाई खडू हातात घेऊन थांबल्या. शेवटी न राहवून बाहेर आल्या आणि ब च्या दारातून डोकावल्या. मीही त्याच वेळी व्हरांड्यातून चालले होते.

आत मुलं पाठीला पाठ लावून जोड्यांनी बसली होती. एकाकडे पुठ्ठ्याचा त्रिकोण, दुसऱ्याकडे कोरा कागद, पट्टी, कोनमापक आणि कंपास. पहिल्याने फक्त मापं सांगायची, दुसऱ्याने न बघता तोच त्रिकोण काढायचा. मग कापून पुठ्ठ्यावर ठेवून बघायचं. अट एवढीच, की कमीत कमी मापं सांगायची.

"दोन बाजू सांगितल्या, सहा आणि चार. जुळला नाही!" एक मुलगा ओरडला.

"का बरं जुळला नाही?" धाकटीने विचारलं.

"बाई, दोन बाजू कात्रीसारख्या उघडतात. मी जास्त उघडल्या, त्याच्या कमी होत्या."

"मग कात्री किती उघडायची हे कसं सांगशील?"

मुलाने हातातली कात्री उघडून बघितली. मागून मोठ्या बाईंचीच लेक म्हणाली, "मधला कोन सांगायचा. नाहीतर समोरची बाजू!"

फळ्यावर एकाही कसोटीचं नाव नव्हतं. फळा जवळजवळ कोराच. कोपऱ्यात धाकटीच्या हातचा एक त्रिकोण होता, तोही वाकडा, शेंगदाण्यासारखा.

मोठ्या बाई परत फिरल्या. "खेळ चाललाय," त्या मला म्हणाल्या. "परीक्षेत कात्र्या देणार आहेत का?" आणि जरा थांबून, जणू स्वतःशीच, "माझ्यापुढे कधी अशी बोलत नाही ती."

कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून सगळं बघत होते. मत्सर हा असा पाहुणा आहे की आल्याचं कळवत नाही, पण जेवायला रोज असतो. धाकटी डबा उघडून "ताई, घ्या ना," म्हणायची, तर यांचं पोट भरलेलं. ब च्या खिडकीत दोऱ्याला कागदी त्रिकोण टांगले, तर यांना त्यांच्यामुळे वर्गात अंधार होतोय असं वाटायचं. मुख्याध्यापकांनी तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांना वर्ग दाखवायला नेलं, ते ब मध्ये. तेवीस वर्षं अधिकारी आले की पावलं अ कडे वळायची. त्या दिवशी मोठ्या बाईंनी फळ्यावर नेहमीपेक्षा सुंदर आकृती काढून ठेवली होती. ती बघायला कुणीच आलं नाही.

"बघायला येतात ते तमाशाच," त्या म्हणाल्या. लाल पेनाचं टोपण त्यांनी इतक्या जोरात दाबलं की त्याला चीर गेली.

घरचं तर आणखी अवघड होतं. एका संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या आणि लेक टेबलावर कागद पसरून बसली होती. हे मला त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं, अगदी सांगायचं नव्हतं तेही.

"आई, बघ ना गंमत. एक कोन तीस अंशांचा. त्याची एक बाजू आठ सेंटिमीटर. आणि कोनाच्या समोरची बाजू पाच. काढून दाखव त्रिकोण."

"माझे हात कणकेचे आहेत."

"बरं, मी दाखवते." पोरीने तीस अंशांचा कोन काढला, एका भुजेवर आठ सेंटिमीटर मोजले, तिथे कंपासचं टोक टेकवलं आणि पाच सेंटिमीटरचा कंस फिरवला. कंसाने दुसरी भुजा एकदा कापली, थोडं पुढे जाऊन परत कापली. "बघ! दोन जागा. एक त्रिकोण हा छोटा, आणि एक हा लांबडा. मापं तीच, त्रिकोण दोन! वर्गात अर्ध्यांचा असा आला, अर्ध्यांचा तसा. आमची भांडणंच लागली, कुणाचं चुकलं म्हणून."

"काकूने सांगितलं असेल."

"काकूने काहीच सांगितलं नाही. ती नुसती बघत होती." मग पोरीने मान वर केली. "आई, म्हणूनच बाबाको नावाची कसोटी नाहीये ना? कोन मध्ये नसला की घोटाळा होतो. पण मग कर्णभुजेत कसं चालतं? तिथे पण काटकोन त्या दोन बाजूंच्या मध्ये नसतोच की."

मोठ्या बाई कणीक मळतच राहिल्या. तेवीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. उत्तर कुठेतरी होतं, शिकताना कधीतरी वाचलेलं, पण जिभेवर येईना.

"हे परीक्षेत येत नाही," त्या म्हणाल्या.

पोरीने कागद गोळा केले. "काकूला विचारते," म्हणाली आणि जिना उतरून खाली गेली. थोड्या वेळाने खालून दोघींचं हसणं ऐकू आलं. मोठ्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मला म्हणाल्या, "तू आई नाहीस, तुला कळायचं नाही. पोर आजारी पडली आणि दुसरीच्या मांडीवर झोपली तर वाटेल ना, तसं वाटलं."

घटक चाचणीची प्रश्नपत्रिका काढायचं काम गणित विभागप्रमुख म्हणून मोठ्या बाईंकडे होतं. दोन्ही तुकड्यांना एकच पेपर. त्यांनी तो एका बैठकीत काढला, वीस मिनिटांत, आणि मला दाखवला. पाच प्रश्न. पाचही सिद्धता. कंपासने त्रिकोण काढायची रचना एकही नाही.

"ब मध्ये सिद्धता सुरू झाल्यात का?" मी विचारलं.

"वेळापत्रकाप्रमाणे व्हायला हव्यात. वेळापत्रक मी नाही काढलेलं."

धाकटीने पेपर पाहिला तेव्हा तिचा चेहरा पडला. "ताई, आमच्या सिद्धता परवापासून सुरू झाल्यात. जरा चार दिवस..."

"शाळेत ताई नको म्हणू, बाई म्हण," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि चार दिवसांत तुझ्या कात्र्या काही चालायच्या थांबणार नाहीत."

धाकटी "बरं बाई" म्हणाली आणि वर्गावर गेली. मोठ्या बाईंना त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला, हेही त्यांनीच नंतर कबूल केलं.

पेपर तपासताना तुकड्या बदलायच्या, ही आमच्याकडची पद्धत. अ चे पेपर धाकटीकडे, ब चे मोठ्या बाईंकडे. पहिले चार प्रश्न त्यांनी आनंदाने तपासले. ब ची मुलं पार ढेपाळली होती. कुणी साध्याच्या जागी पक्ष लिहिला होता, कुणी कारणंच गाळली होती, एकाने तर सिद्धतेच्या शेवटी "कापून बघितलं, जुळतात" असं लिहिलं होतं. लाल पेन भराभर चालत होतं.

मग पाचवा प्रश्न आला. तो असा होता: त्रिकोण ABC मध्ये AB आणि AC या बाजू समान आहेत. D हा पाया BC वरचा बिंदू आहे. त्रिकोण ABD आणि त्रिकोण ACD एकरूप आहेत हे सिद्ध करा. शेजारी मोठ्या बाईंच्या हातची आकृती, रेखीव, D नेमका मधोमध.

पहिल्या पेपरात त्या जागी सिद्धता नव्हतीच. एक त्रिकोण काढला होता, आणि त्यात D पार B च्या जवळ. खाली एक ओळ: "D कुठेही सरकवता येतो. मग एक बारीक, एक जाडा. सिद्ध होणार नाही."

मोठ्या बाईंनी शून्य दिलं आणि समासात लिहिलं, "उद्धट उत्तर."

दुसऱ्याही पेपरात तेच. तिसऱ्यात प्रश्न कोरा. चौथ्यात परत D सरकलेला. सहावा पेपर त्यांच्या लेकीचा होता. तिने दोन आकृत्या काढल्या होत्या आणि व्यवस्थित ओळीत लिहिलं होतं: "AB आणि AC समान आहेत. AD दोघांत सामाईक. B आणि C हे कोन पण समान आहेत, पण ते त्या दोन बाजूंच्या मध्ये नाहीत. मधला कोन म्हणजे A जवळचा, आणि तो समान आहे असं दिलेलं नाही. म्हणून बाकोबा लावता येत नाही."

त्यांनी प्रश्नपत्रिका उघडली. मी समोरच बसले होते. पाचव्या प्रश्नावर बोट ठेवून त्यांनी ओळ न ओळ वाचली. "AD हा कोन A चा दुभाजक आहे," ही ओळ प्रश्नात असायला हवी होती. त्यांच्या जुन्या वहीत ती होती. वीस मिनिटांत पेपर काढण्याच्या भरात ती राहून गेली होती. त्या ओळीशिवाय प्रश्न खोटा होता, आणि त्यांच्या सुबक आकृतीने खोटा प्रश्न खरा करून दाखवला होता.

"माझ्या मुलांनी काय केलं असेल?" त्या एवढंच म्हणाल्या.

अ चा गठ्ठा धाकटीच्या टेबलावर, तपासून झालेला. ती वर्गावर होती. मोठ्या बाई उठल्या आणि त्यांनी तो उघडला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात, इथे उलटं होतं. त्या दुसऱ्याच्या टेबलावर वाकून आपलंच बघत होत्या. एकेचाळीस मुलं. तेहतीस जणांनी पाचवा प्रश्न सुंदर अक्षरात सोडवला होता. पक्ष, साध्य, सिद्धता. AB समान AC, पक्ष. कोन B समान कोन C, समद्विभुज त्रिकोणाचे कोन. AD समान AD, सामाईक बाजू. बाकोबा कसोटीनुसार एकरूप. मांडणी बघून कुणीही पाचपैकी पाच दिले असते. एकानेही कोन मध्ये आहे की नाही ते पाहिलं नव्हतं.

धाकटीने त्या तेहतीस उत्तरांपुढे गुण दिले नव्हते. शाईचा थेंब नाही. फक्त पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह. आणि गठ्ठ्यावर चिठ्ठी: "प्र. ५, बाईंना विचारायचं."

तीन दिवस ती चिठ्ठी तिथे होती. तिने विचारलं नव्हतं.

याचाच मोठ्या बाईंना सगळ्यात जास्त राग आला. चूक झाल्याचा नाही, ती चूक धाकटीने झाकून धरल्याचा. "तिने सगळ्यांसमोर बोलून दाखवलं असतं तर मी भांडले तरी असते," त्या मला म्हणाल्या. "हे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह मला जास्त बोचलं."

मी त्यांना एक मार्ग सुचवला, मैत्रीण म्हणून. प्रश्नपत्रिकेत छपाईची चूक झाली म्हणावं, प्रश्न रद्द करावा, सुंठीवाचून खोकला गेला. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

रविवारी सकाळी घरातले सगळे बाहेर गेलेले असताना त्यांनी लेकीची कंपासपेटी उघडली. कित्येक वर्षांत त्यांनी कागदावर त्रिकोण रचला नव्हता, नुसता फळ्यावर काढला होता. आधी तीस अंश, आठ आणि पाच. कंसाने भुजा दोनदा कापली. हे त्यांना माहीत होतंच, पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या हाताखाली टोक सरकत जाऊन दुसऱ्यांदा रेघ कापताना बघणं वेगळं. मग त्यांनी तीस अंशांच्या जागी काटकोन घेतला, एक बाजू चार, कर्ण पाच. कंसाने आडवी रेघ पुन्हा दोनदा कापली, पण या वेळी उभ्या बाजूच्या दोन अंगांना, सारख्याच अंतरावर. दोन्ही त्रिकोण त्यांनी कापले. एक उलटा करून दुसऱ्यावर ठेवला. तंतोतंत बसला. दोन त्रिकोण नव्हतेच ते, एकच होता आणि त्याचं आरशातलं रूप. म्हणून कर्णभुजेला चालतं.

"मला आधी आनंद झाला," त्या म्हणाल्या, "आणि लगेच आठवलं, की हे धाकटीला आधीपासून ठाऊक होतं."

त्याच दुपारी त्या जिना उतरून खाली गेल्या. धाकटी दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"पाचव्या प्रश्नाचं तू बोलली का नाहीस?"

धाकटीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "भीती वाटली, ताई. घरात एकत्र राहायचंय. शाळेत तुम्ही विभागप्रमुख."

"एवढंच?"

धाकटीने टॉवेल झटकून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "नाही. खरं सांगू? बरंही वाटलं. तुमच्या तेहतीस मुलांनी एकसारखं चुकलेलं बघून बरं वाटलं. त्याआधीच्या चार प्रश्नांत माझ्या पोरांची काय गत झाली असेल ते मला माहीत होतं. तुम्हीच तपासताय म्हटल्यावर तर... म्हटलं, आता राहू दे चिठ्ठी थोडे दिवस."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. लग्न होऊन ती घरात आली त्याला आठ वर्षं झाली होती. एवढं नीट बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "तू देवमाणूस निघाली असतीस तर मला झेपलं नसतं."

सोमवारी त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. छपाईची चूक म्हणाल्या नाहीत. "प्रश्न माझा चुकला," म्हणाल्या. ज्यांनी चूक पकडली त्यांना पूर्ण गुण, बाकीच्यांच्या एकूण गुणांतून तो प्रश्न वगळायचा, असं ठरलं. ब मधल्या एकोणचाळीसपैकी बावीस जणांना पाच-पाच गुण मिळाले. अ मधल्या एकालाही नाही. "उद्धट उत्तर" हा शेरा त्यांनी खोडला आणि शेजारी सही केली.

दोन दिवसांत पालक आले. एक कंत्राटदार होते, आवाज इमारतीएवढा. "बाई, पोराने तर तुम्ही शिकवलं अगदी तसंच लिहिलंय!"

"हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "तोच तर घोळ आहे."

कंत्राटदारांनी पेपर घडी घालून खिशात ठेवला.

मग त्यांनी अ मध्ये कंपास काढायला लावले. धडा शिकवून झालेला असताना परत पहिल्यापासून. तो तास फसला, हे मी सांगायलाच हवं, कारण मी दाराशी उभी होते. बाजू सात, सहा, पाच अशा दिल्या, सगळ्यांचे त्रिकोण एकसारखे यायला हवे होते. निम्म्या कंपासांचे स्क्रू ढिले. कंस काढता काढता पाचाचे पावणेपाच होत होते. कापलेले त्रिकोण एकमेकांवर ठेवले तर कुणाचा कोपरा बाहेर, कुणाचा आत. वर्गात गलका. मोठ्या बाईंचा आवाज चढला, कात्री हातात असताना बोलू नका, कचरा खाली टाकू नका. शेवटी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, आमचे जुळतच नाहीयेत. मग बाबाबा खोटी आहे का?"

वर्ग हसला. मोठ्या बाई हसल्या नाहीत. शेजारच्या वर्गात हा प्रश्न कसा हाताळला गेला असेल, हा विचार त्यांच्या मनात आलाच, आणि तो त्यांनी कसाबसा बाजूला सारला.

"बसू नको, इकडे ये," त्या म्हणाल्या. "फळ्यावर ही सातची बाजू. हे दोन टोकांवरून दोन कंस. रेघेच्या वरच्या बाजूला ते किती ठिकाणी कापतात?"

"एका."

"दुसरीकडे कुठे कापू शकतील? हात हलला नाही, स्क्रू ढिला नाही, असं धर."

मुलीने हवेत बोटाने कंस फिरवून बघितले. "वरच्या बाजूला नाही. खाली कापतील."

"खालचा त्रिकोण घडी घालून वर आणला तर?"

"तोच होईल."

"म्हणजे तिसरा कोपरा जाणार कुठे? त्याला दुसरी जागाच नाही. तुमचे त्रिकोण जुळले नाहीत ते हातामुळे. हात चुकतो. म्हणूनच कापून बघितल्यावर थांबायचं नसतं, का ते सांगावं लागतं. आणि म्हणून..." त्या थांबल्या. 'म्हणून सिद्धता' असं म्हणणार होत्या बहुतेक. पण म्हणाल्या, "म्हणून उद्या सगळ्यांनी घरून स्क्रू घट्ट करून आणा."

गंमत म्हणजे ब मधल्या मुलांची गाडी अडली होती ती नेमकी तिथून पुढे. त्यांना सगळं दिसत होतं, पण लिहिता येत नव्हतं. "कापून बघितलं, जुळतात" याच्या पुढे पेन सरकेना. धाकटीने एकदा स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, विचारलं, "बाई, आमच्या वर्गावर तीन तास घ्याल का? मांडणी मला तुमच्यासारखी येत नाही. माझा फळा तुम्ही बघितलाच आहे."

मोठ्या बाईंनी घेतले. ब ची मुलं दर ओळीला "कशावरून?" विचारून त्यांना भंडावून सोडत. अ मध्ये जे दोन तासांत उरकायचं ते इथे तीन तासांत जेमतेम निम्मं झालं. घाम पुसत त्या बाहेर आल्या. "पोरं आहेत का वकील," असं म्हणत होत्या, पण चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांच्या लेकीने मात्र त्या तीन तासांत एकदाही हात वर केला नाही. ते त्यांनी मोजून पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांत धडा पाठीला पाठ लावूनच सुरू झाला. कसोट्यांची नावं अ मध्ये फळ्यावर आली ती सहाव्या दिवशी, आणि तीही मुलांनी मागितल्यावर. सिद्धता त्यानंतर. कंपासांचे स्क्रू आवळायला शिपाईमामांना एक छोटा पेचकस आणून दिला. निकाल आधीसारखाच चांगला लागला, आधीपेक्षा फार चांगला नाही. तसं सांगितलं तर खोटं होईल.

आणि मत्सर गेला का? मी विचारलं एकदा, सरळच.

"कुठला जातोय," मोठ्या बाई म्हणाल्या. "पोर अजून गणित घेऊन खालीच जाते. जिन्यावर तिची पावलं वाजली की इथे दुखतं." त्यांनी छातीवर नाही, पोटावर हात ठेवला. "पण आता निदान मला कळतं की हे दुखणं आहे. आधी मी त्याला शिस्त म्हणायची."

त्या वर्षीची चाचणीची प्रश्नपत्रिका दोघींनी मिळून काढली. एकेका ओळीवरून तासभर वाद. सगळ्यात चांगला प्रश्न धाकटीचा होता: एका त्रिकोणाची तीन मापं दिलेली, ती अशी निवडलेली की त्रिकोण दोन होतात, आणि विचारलेलं की कुठलं एक माप बदललं तर एकच होईल, सांगा. मी वाचून वा म्हणाले. मोठ्या बाईंनी तो दोनदा वाचला. चांगला आहे, हे त्यांनाही कळलं होतं.

त्यांनी तो पेपरात घेतला. सगळ्यात शेवटी घातला, आणि गुण दिले फक्त दोन.